लपलेली आकृती: प्रश्न नक्की काय तपासतो?

स्पर्धा परीक्षेचं किंवा नवोदयच्या तयारीचं कुठलंही पुस्तक उघडा, बुद्धिमत्ता चाचणीच्या भागात एक प्रकरण हमखास सापडतं. रेषांचं एक जाळं दिलेलं असतं, शेजारी चार साध्या आकृत्या, आणि विचारलेलं असतं की यांपैकी कोणती आकृती या जाळ्यात लपली आहे? कधी उलटंही असतं: साधी आकृती एकच आणि गुंतागुंतीची चित्रं चार. नवोदय प्रवेश परीक्षेत ही दुसरी तऱ्हा येते. या लेखात मी पहिल्या तऱ्हेबद्दल बोलणार आहे, कारण टीका करण्यासारखं तिच्यात जास्त आहे.

उत्तराच्या पानावर बहुधा एवढंच असतं: जाळ्यातला तेवढा भाग ठळक करून दाखवलेला. ती का दिसत नव्हती, हे कोणी सांगत नाही. आणि ज्याला ती दिसली नाही त्याला सरळ सांगितलं जातं की तुझी निरीक्षणशक्ती कमी आहे. माझं संशोधन दृश्य संवेदनावर आहे, अशा आकृत्यांशी माझा रोजचा संबंध येतो, आणि मला हा निकाल फार घाईचा वाटतो. प्रश्न कसा बांधलाय हे पाहिल्याशिवाय उत्तराचा अर्थ लावता येत नाही. कसं ते एका उदाहरणातून बघू. चौकटीची वही आणि पेन्सिल घ्या. हा लेख नुसता वाचून नाही, काढून समजेल.

आधी आकृती काढा

चार घरं लांब आणि चार घरं रुंद असा चौरस काढा. खालचा डावा कोपरा क, खालचा उजवा ख, वरचा उजवा ग, वरचा डावा घ. आता बाजूंचे मध्यबिंदू: खालचा च, उजवीकडचा छ, वरचा ज, डावीकडचा झ. मधोमध म.

आता तीन गोष्टी जोडा. एक, दोन्ही कर्ण: क ते ग आणि ख ते घ. दोन, मधली उभी रेषा च ते ज आणि मधली आडवी रेषा झ ते छ. तीन, शेजारशेजारचे मध्यबिंदू: च-छ, छ-ज, ज-झ, झ-च. झालं. एकूण बारा रेषा.

या जाळ्यात तुम्हाला तिरका चौरस दिसतो का? च-छ-ज-झ. बहुतेकांना तो शोधावाच लागत नाही, तोच समोर येतो.

आता क-च-छ-म बघा. दोन घरांचा पाया, दोन घरांची उंची, उजवीकडे झुकलेला समांतरभुज चौकोन. तो तिथे आहे, चारही बाजू पूर्ण काढलेल्या आहेत. तरी बोटाने गिरवल्याशिवाय तो हाती लागत नाही, आणि बोट उचललं की परत जाळ्यात विरघळतो. गंमत म्हणजे तो दोनदा आहे. दुसरा वर आहे: झ-म-ग-ज.

चित्र तेच, रेषा त्याच बारा. म्हणजे ‘चित्र किचकट म्हणून प्रश्न अवघड’ हे स्पष्टीकरण इथेच गळून पडतं. एकच चित्र एका आकृतीला लपवतं आणि दुसरीला मिरवतं.

मग लपवतं कोण?

तिरक्या चौरसाची एकेक बाजू घ्या. च पासून छ पर्यंत जा. छ ला पोचलात की रेषा संपते. त्याच दिशेने पुढे काही नाही. चारही बाजूंचं तसंच. आता समांतरभुज चौकोन घ्या. क ते च ही बाजू च ला थांबत नाही, सरळ ख पर्यंत जाते. क ते म ही बाजू ग पर्यंत जाते. छ ते म ही बाजू झ पर्यंत जाते. फक्त च-छ ही एकच बाजू आपल्या टोकाला थांबते. चारांपैकी तीन बाजू दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीच्या आहेत.

आपली नजर सरळ जाणाऱ्या रेषेला एकच वस्तू मानते. क ते ग हा कर्ण ती अखंड उचलते. त्याचा अर्धाच भाग तोडून दुसऱ्या तीन तुकड्यांशी जोड, असं सांगितलं तर तिला ते जड जातं. मानसशास्त्रात याला रेषेची सलगता म्हणतात. आकृती लपते ती गर्दीमुळे नाही, तिच्या बाजू लांब रेषांमध्ये गिळल्या गेल्यामुळे.

हे म्हणणं जुनं आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ कुर्ट गॉटशाल्ट यांनी 1926 मध्ये यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही साध्या आकृत्या लोकांना आधी दाखवल्या, एका गटाला फक्त 3 वेळा आणि दुसऱ्या गटाला तब्बल 520 वेळा. मग गुंतागुंतीची चित्रं समोर ठेवली. अपेक्षा काय असेल? जी आकृती पाचशे वेळा पाहिली ती तर चित्रातून उडी मारून बाहेर यायला हवी. तसं झालं नाही. दोन गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. ओळखीपेक्षा चित्राची बांधणी वरचढ ठरली.

पण एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, तुमची तुलना सरळ नाही. तिरका चौरस सममित आहे, डावी-उजवी बाजू सारखी. समांतरभुज चौकोन तसा नाही. मग दिसण्या-न दिसण्याचं कारण सलगता कशावरून? सममिती का नाही?

आक्षेप योग्य आहे आणि आपल्याच चित्रात त्याचा कस लावता येतो. खालच्या भागात एक छोटा तिरका चौरस आहे: च, च-छ चा मध्य, म, आणि च-झ चा मध्य. त्याच्या चारही बाजू पुढे जातात, एकही आपली नाही. नुसती सलगताच मोजायची तर हा सगळ्यात जास्त लपायला हवा. शोधून बघा. मोठ्या तिरक्या चौरसाइतका तो सहज दिसत नाही, पण समांतरभुज चौकोनापेक्षा सोपा वाटण्याची शक्यता बरीच आहे, कारण सममिती त्याला वर खेचते. म्हणजे दोन्ही बळं काम करतात, विरुद्ध दिशांना.

बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठाच्या गटाने 2017 मध्ये नेमकं हेच वेगवेगळं करून तपासलं. त्यांनी आकृत्या नव्याने बांधल्या आणि चार गोष्टी ठरवून बदलल्या: आकृतीची सममिती, ती बंद आहे की उघडी, तिची गुंतागुंत, आणि तिच्या किती रेषा भोवतालच्या चित्रात पुढे जातात. सलगता आणि सममिती यांचा परिणाम ठळक निघाला. आकृती बंद आहे की उघडी, याचा परिणाम मात्र त्यांच्या अंदाजाप्रमाणे आला नाही. मला हा शोधनिबंध आवडतो तो याचसाठी. चाचणी वापरण्याआधी ती अवघड कशामुळे होते हे त्यांनी विचारलं, आणि न जुळलेला निकालही मांडला. गॉटशाल्टनंतर जवळपास नव्वद वर्षं या आकृत्या माणसं मोजायला सर्रास वापरल्या गेल्या. आकृत्यांनाच मोजणारे मात्र थोडेच होते.

आता पर्याय बघा

आपल्या जाळ्यावर एक प्रश्न तयार करू. आकृती फिरवायची नाही, लहान-मोठी करायची नाही, हा नेहमीचा नियम. पर्याय असे:

1. आपला समांतरभुज चौकोन, पाया 2, उंची 2.
2. समभुज त्रिकोण.
3. उभा-आडवा आयत, 2 बाय 1.
4. तसाच झुकलेला समांतरभुज चौकोन, पण पाया 3.

दिसायला प्रश्न चांगला आहे. आता तो न बघता सोडवू. जाळ्यातल्या सगळ्या रेषा उभ्या, आडव्या किंवा 45 अंशांत आहेत. 60 अंशांचा कोन कुठेच नाही, म्हणून पर्याय 2 गेला. उभ्या रेषांत दोन किंवा चार घरांचंच अंतर आहे, आडव्या रेषांतही तेच. एक घर रुंद आयत बसणार कुठे? पर्याय 3 गेला. उजवीकडे झुकलेल्या रेषा तीन, त्यांच्यात आडवं अंतर दोन किंवा चार. तीनचा पाया मिळणार नाही, पर्याय 4 गेला. उत्तर 1.

उत्तर बरोबर, गुण पूर्ण, आणि लपलेली आकृती एकदाही दिसली नाही! क्लासमध्ये शिकवतात ती युक्ती हीच: ‘आधी जो कोन जाळ्यात नाही तो पर्याय उडवा.’ युक्तीत गैर काही नाही, मीही तीच वापरेन. पण मग हा प्रश्न आकृती वेगळी काढण्याची क्षमता तपासतो, असं म्हणता येणार नाही. तो कोन आणि अंतरं ताडून बघण्याची शिस्त तपासतो. तीही कामाची गोष्ट आहे, पण वेगळी आहे.

प्रश्न काढणाऱ्याला हे कळलं तर तो काय करेल? चकवणारा पर्याय मूळ आकृतीच्या जवळ आणेल. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे आरशातलं प्रतिबिंब: तोच समांतरभुज चौकोन, पण डावीकडे झुकलेला. इथे मोठी फसगत आहे. आपलं जाळं सममित आहे, त्यामुळे प्रतिबिंबही जाळ्यात आहेच: ख-च-झ-म. गिरवून बघा. आता प्रश्नाला दोन बरोबर उत्तरं झाली, आणि उत्तरसूचीत एकच छापलेलं असणार. ज्याला दुसरं आधी सापडलं, त्याने नियमाप्रमाणे शोधूनही त्याचा गुण जाणार.

सराव पुस्तकातला एखादा प्रश्न सदोष आहे का, हे ओळखायची ही साधी खूण आहे. जाळं मधोमध दुमडलं तर जुळतं का? आणि पर्यायांत एकमेकांची प्रतिबिंबं आहेत का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ आलं, तर त्या दोघांपैकी एक लपलेली असताना दुसरीही लपलेली असणारच. हे नजरेवर सोडायचं कारण नाही, सिद्ध होणारी गोष्ट आहे.

दुरुस्ती छोटी आहे. ख ते घ हा कर्ण खोडून टाका. आता जाळ्याची डावी-उजवी बरोबरी मोडली. उजवीकडे झुकलेला समांतरभुज चौकोन अजून आहे, दोन्ही ठिकाणी, आणि त्याच्या तीन बाजू अजूनही पुढे जातात, म्हणजे तो तेवढाच लपलेला आहे. प्रतिबिंब मात्र गेलं: डावीकडे झुकलेल्या रेषा आता दोनच उरल्या, च-झ आणि छ-ज, आणि त्यांच्यात आडवं अंतर चार घरांचं आहे, दोनचं नाही. आता पर्याय असे ठेवू: मूळ आकृती, तिचं प्रतिबिंब, पाया 3 असलेली, आणि उंची 1 असलेली. चारही समांतरभुज चौकोन, कोन सारखेच. ‘हा कोनच नाही’ म्हणून कुणालाही उडवता येत नाही. प्रत्येकासाठी जाळ्यात परत जावं लागतं.

झाला आदर्श प्रश्न? नाही. चार पर्यायांकडे परत बघा, जाळं झाकून. दुसरा पर्याय पहिल्यापासून फक्त दिशेत वेगळा आहे, तिसरा फक्त रुंदीत, चौथा फक्त उंचीत. ज्याच्याशी बाकी सगळे जुळतात तो पहिला. परीक्षा देऊन मुरलेला विद्यार्थी जाळ्याकडे न बघताही तोच निवडेल. चकवे जवळ आणले की ते मूळ आकृतीभोवती गोळा होतात आणि तिचा पत्ता सांगून टाकतात.

पर्याय प्रश्नापुरते नसतील तर?

या कोंडीतून सुटायची एक वाट अमेरिकेतल्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिसच्या संचात दिसते. त्यांच्या 1976 च्या संचात लपलेल्या आकृत्यांची एक चाचणी आहे. तिच्यात पाच साध्या आकृत्या असतात आणि सगळ्या जाळ्यांसाठी त्याच पाच. प्रत्येक जाळ्यात त्यांपैकी एकच लपलेली, सरळ आणि त्याच आकाराची. एका भागात 16 जाळी, वेळ 12 मिनिटं, म्हणजे एका जाळ्याला 45 सेकंद. पर्याय एका प्रश्नापुरते बनवलेले नसल्यामुळे त्यांच्याकडे बघून उत्तर ओळखता येत नाही. वगळण्याची वाट पूर्ण बंद होत नाही, पण पाचही आकृत्या दर जाळ्यात तपासत बसलात तर 45 सेकंद पुरणं कठीण आहे.

दुसरी वाट हर्मन विटकिन यांची. त्यांनी 1950 मध्ये गॉटशाल्टच्या आकृत्या घेऊन चाचणी बनवली, तेव्हा जाळं आणि साधी आकृती एकाच वेळी समोर ठेवली नाहीत. 1971 च्या गटचाचणीतही साध्या आकृत्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर छापल्या, म्हणजे पान उलटून बघता येतं पण शेजारी ठेवून ताडता येत नाही. आपल्या परीक्षांत सगळं एकाच ओळीत छापलेलं असतं. छपाईतला किरकोळ फरक वाटेल, पण त्याने काम बदलतं. विटकिनच्या चाचणीत आकृती डोक्यात धरून शोधावी लागते, म्हणजे स्मरणाचा भार येतो. आपल्याकडे तो भार नाही, पण तुकडा-तुकडा ताडण्याची मुभा आहे. दोन्हीकडे नाव एकच: लपलेली आकृती. गुण मात्र एकमेकांशेजारी ठेवण्यासारखे नाहीत.

गुणावरून माणसाबद्दल काय म्हणायचं?

विटकिन यांचा दावा परीक्षेपेक्षा मोठा होता. आकृती पटकन सापडणारी माणसं भोवतालापासून स्वतंत्र राहून बघतात आणि ज्यांना वेळ लागतो ती भोवतालावर अवलंबून असतात. ही बघण्याची शैली आहे आणि ती स्वभावातही उतरते, असं त्यांचं म्हणणं. या शैलीच्या भाषेला माझा मुख्य आक्षेप आहे. शैली म्हटली की दोन्ही बाजूंना काहीतरी जमत असायला हवं. ‘भोवतालासकट बघणाऱ्या’ माणसाला ज्यात फायदा होईल असा एकही प्रश्न या चाचणीत नाही. एका टोकाला यश आहे, दुसऱ्या टोकाला फक्त अपयश. असं मोजमाप क्षमतेचं असतं, शैलीचं नाही. फ्रँक मॅकेना यांनी 1984 मध्ये साधारण हाच मुद्दा मांडला होता, तरीही शैलीची भाषा टिकून आहे.

एक उदाहरण या दाव्याची नाजूक जागा दाखवतं. या चाचणीत पुरुषांना स्त्रियांपेक्षा जास्त गुण मिळतात, असं अनेकदा दिसलं होतं आणि त्यावरून स्त्रियांच्या बघण्याबद्दल बरंच लिहिलं गेलं. 1965 मध्ये गोल्डस्टाइन आणि चान्स यांनी स्त्री-पुरुषांना बऱ्याच आकृत्या ओळीने सोडवायला लावल्या. सुरुवातीला फरक होता, सरावानंतर तो उरला नाही. इतक्या सरावात मिटणाऱ्या फरकाला स्वभावात रुजलेली शैली म्हणणं अवघड आहे.

तुम्ही विचाराल, मग गॉटशाल्टच्या 520 वेळांचं काय? तिथे तर सराव कामाला आला नाही. दोन्ही सराव वेगळे आहेत. गॉटशाल्टकडे लोक आकृती नुसती पाहत होते. इथे ते शोधण्याचं काम करत होते. आकृती ओळखीची झाल्याने जाळं सुटत नाही. लांब रेषा मध्येच तोडायची सवय झाल्याने सुटतं. ‘आकृत्या पाठ कर’ हा सल्ला म्हणूनच फुकट जातो, आणि ‘एका बाजूवर बोट ठेव, ती जिथे वळायला हवी तिथे जाळ्यात वळण आहे का बघ’ हा उपयोगी पडतो.

तेव्हा मुलाचे या प्रकरणातले गुण बघाल तेव्हा चुकलेले प्रश्न समोर घ्या आणि प्रत्येकात बरोबर आकृतीच्या किती बाजू पुढे जातात ते मोजा. बाजू पुढे जाणाऱ्याच आकृत्या चुकल्या असतील तर रेषा तोडण्याचा सराव हवा आहे. बाजू आपल्या टोकाला थांबणाऱ्याही चुकल्या असतील तर कदाचित नियम नीट कळलेला नाही, फिरवलेली आकृतीही चालते असं तो समजत असेल. आणि जाळं सममित असून पर्यायांत प्रतिबिंब असेल, तर चूक मुलाची नाही.

जाता जाता एक काम. ख-घ खोडलेल्या जाळ्यात असा त्रिकोण शोधा ज्याच्या तिन्ही बाजू पुढे जातात. एकाहून जास्त आहेत. सापडलेले बिंदूंच्या नावांनी खाली लिहा, आणि कितवा शोधताना सगळ्यात जास्त वेळ लागला तेही.